फ्लेक्सवाल्या दादांच्या दुकानात बसून लिहिलेली ब्रँड गाइडलाइन

दिवाळीआधीच्या एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर मी सकाळी पोचले, तर मागच्या फ्लेक्सवरच्या लोगोच्या कोपऱ्यात लाल रंगाची एक तिरकी रेघ दिसली. जवळ जाऊन पाहिलं. ती फुलीची अर्धी दांडी होती. लोगो, रंग आणि अक्षरं कशी वापरायची ते सांगणारी आमची एक ब्रँड गाइडलाइन होती. तिच्या पीडीएफमध्ये 'लोगो असा वापरू नका' असं एक पान होतं. त्यावर बारा चुकीचे लोगो आणि प्रत्येकावर लाल फुली. फ्लेक्सवाल्यांनी त्यातलाच एक कापून मोठा केला होता. फुली बऱ्यापैकी पुसली होती, तेवढी एक दांडी राहून गेली होती.

राग आला होता, पण दुपारपर्यंत एक प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांना चांगला लोगो पाठवलाच नव्हता का? पाठवला नव्हता. पाठवली होती फक्त गाइडलाइन. त्या पीडीएफमध्ये लोगोबद्दल चौदा पानं होती आणि छापता येईल अशी लोगोची फाइल कुठेच नव्हती.

आमची कंपनी मसाल्यांची, सांगलीजवळ. हळद, मिरची पावडर, कांदा-लसूण मसाला आणि सणासुदीला काही जास्तीचं. माणसं चौदा. त्यांत डिझाइन बघणारी मी एकटी. बाहेरून काम करून देणारे मात्र बरेच: दोन फ्लेक्सवाले, एक ऑफसेट प्रेस, दुकानांचे बोर्ड करणारे, टी-शर्ट छापणारा एक मुलगा, आणि टेम्पो व गावोगावच्या भिंती रंगवणारे पेंटरकाका. गाइडलाइन होती ती एका एजन्सीने करून दिलेली, ४८ पानांची, पूर्ण इंग्रजीत. दिसायला देखणी. या सगळ्या मंडळींपैकी एकानेही ती शेवटपर्यंत पाहिली नव्हती. आमच्या ऑफिसातही ती फक्त मीच वाचली होती.

मालकीणबाईंना आम्ही सगळे वहिनी म्हणतो. त्यांच्याकडे मी दोन महिने मागितले आणि गाइडलाइन नव्याने लिहायला घेतली.

पहिला आठवडा लिहिलं काहीच नाही. वर्षभरात आमच्या नावाने जे जे छापलं गेलं, त्याचा मिळेल तो नमुना किंवा फोटो गोळा केला: फ्लेक्स, पत्रकं, बिलबुकं, दुकानांचे बोर्ड, टी-शर्ट, सेल्सच्या मुलांनी व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या शुभेच्छा. सगळं गोडाउनमध्ये फरशीवर मांडलं आणि चुका वेगळ्या काढल्या. सुरुवातीला मी 'रंग चुकला', 'लोगो ताणला', 'अक्षर बिघडलं' असे गट केले. त्यातून हाती काही लागेना, कारण काय बिघडलं हे कळत होतं, पण कशामुळे बिघडलं हे कळत नव्हतं. मग प्रत्येक चुकीच्या कामासाठी ते काम करणाऱ्याला फोन लावला आणि एकच विचारलं, "दादा, ही फाइल तुमच्याकडे कुठून आली?"

उत्तरं ऐकून फरशीवरचे गट मोडून नव्याने लावावे लागले. बहुतेक चुका तीनच ठिकाणी उगवत होत्या. एक, लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून गेला होता. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि पारदर्शक पीएनजी असेल तर मागे पांढरा किंवा काळा चौकोन येतो. दोन, छापणाऱ्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर तीन वर्षांपूर्वीची फाइल जपून ठेवली होती आणि तीच लावली. तीन, मराठी मजकूर त्याने स्वतः टाइप केला होता. चव नसलेला किंवा बेफिकीर छापणारा मला एकही सापडला नाही. प्रत्येकाने घाईच्या वेळी हाताशी जे होतं ते वापरलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी एका फ्लेक्सवाल्या दादांना विचारलं, तुमच्या दुकानात अर्धा दिवस बसू का? ते म्हणाले, बसा की, पण संध्याकाळी या, तेव्हा खरी गर्दी असते. वाढदिवसाचे, दशक्रियेचे, सभेचे फ्लेक्स एकामागून एक येत होते. एका कामाला ते साधारण दहा मिनिटं देत होते. गिऱ्हाईक फुटांत माप सांगतं, दहा बाय चार, सहा बाय तीन. ते कोरल ड्रॉमध्ये तेवढं पान उघडतात, व्हॉट्सॲप वेबवरून आलेलं ओढून आणतात, काही कमी असेल तर स्वतःच्या फोल्डरमध्ये नावाने शोधतात. मी त्यांना आमचं नाव शोधायला सांगितलं. सात फाइली निघाल्या. `logo final`, `logo final new`, `logo final new 2` अशी नावं. त्यातली एक बरोबर होती.

तिथे बसल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दहा मिनिटांत काम करणारा माणूस पीडीएफ वाचणार नाही, तो फाइल शोधणार. म्हणून गाइडलाइनचा पहिला भाग म्हणजे मजकूर नव्हे, फाइली. आणि त्यांचा प्रश्न 'लोगोचे नियम कोणते' असा कधीच नसतो. तो असतो 'सहा बाय तीनला कुठली लावू'. म्हणून पानं विषयवार न करता कामवार करायची. फ्लेक्सचं एक पान, ऑफसेटचं एक, दुकानाच्या बोर्डाचं एक, टी-शर्टचं एक, भिंतीचं एक, मोबाइलवरच्या पोस्टचं एक. ज्याचं जे काम, त्याला तेवढंच पान. भाषा मराठी, कारण ही सगळी माणसं एकमेकांशी मराठीतच बोलतात.

फाइलींची नावं ठरवायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. नावातच काम आलं पाहिजे, आणि कुणी ती स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकली तरी दोन वर्षांनी ओळखू आली पाहिजे. शेवटी असं ठरलं:

```
FLEX_aadva_2024-01.cdr
FLEX_ubha_2024-01.cdr
OFFSET_logo_2024-01.pdf
TSHIRT_ekrangi_2024-01.cdr
MOBILE_post_2024-01.png
```

आधी काम, मग आडवा, उभा, एकरंगी असा प्रकार, मग महिना. 'फायनल' हा शब्द कुठेही नाही. कोरलच्या फाइली मुद्दाम जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केल्या, कारण नव्या व्हर्जनची फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही आणि मग माणूस स्क्रीनचा फोटो काढून त्यावरून लोगो गिरवतो. हेही त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या लोगोबाबत.

जुन्या गाइडलाइनमध्ये लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची याचं एक पान होतं, लोगोतल्या अक्षराच्या उंचीला एक्स धरून. ते मी काढून टाकलं आणि ती मोकळी जागा फाइलमध्येच घातली. लोगोभोवती रेघ नाही, रंग नाही असा रिकामा चौकोन काढून दोन्ही ग्रुप केलं. आता लोगो ओढला की तो चौकोनही सोबत येतो, आणि मजकूर लावताना हात आपोआप त्याच्या बाहेर थांबतो. ग्रुप सोडणारा कुणी निघेल, पण घाईत असणारा माणूस ग्रुप सोडत बसत नाही. जो नियम फाइलमध्ये घालता येतो तो पानावर लिहायचा नाही, हे मी तिथून पुढे प्रत्येक पानाला लावलं. फुल्या मारलेले चुकीचे लोगोही काढले. चुकीचं चित्र ज्या कागदात आहे, त्या कागदातून ते बाहेर पडतंच.

रंगाचं प्रकरण सगळ्यांत लांबलं.

आमचा पिवळा हळदीचा आहे, थोडा उबदार. जुन्या गाइडलाइनमध्ये त्याचा एकच आकडा होता, यलो शाई १०० टक्के आणि मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी शाई ३० टक्के. ऑफसेटवर, चकचकीत आर्ट पेपरवर तो छान यायचा. बिलबुकाच्या साध्या कागदावर शाई आत मुरायची आणि तो मंद व्हायचा. फ्लेक्सवर तर सरळ केशरी. मी वर्षभर फ्लेक्सवाल्यांना 'रंग बरोबर द्या' म्हणत होते आणि ते बिचारे मी दिलेला आकडाच टाकत होते.

दादांनीच वाट दाखवली. म्हणाले, ताई, एक पट्टी मारून बघू. एक फूट लांब आणि सहा इंच रुंद पट्टीवर मी सात चौकोन काढले. यलो सगळ्यांत १००, मॅजेंटा १०, १५, २० असा पाच-पाचने वाढत ४० पर्यंत. प्रत्येक चौकोनाखाली त्याचा आकडा. पट्टी छापली, वाळू दिली, आणि दुकानाच्या ट्यूबखाली न बघता रस्त्यावर उन्हात नेऊन धरली. शेजारी धरलं आमचं हळदीचं पाऊच. २० चा चौकोन पाऊचला जुळला. ३० चा उघड केशरी दिसत होता.

पाऊचच का, तर त्याला कारण आहे. पाऊच ग्रॅव्ह्युअरवर छापतात. त्यात प्रत्येक रंगाचा स्वतंत्र कोरीव सिलिंडर असतो आणि आमचा पिवळा तिथे चार रंगांच्या मिश्रणातून येत नाही, तयार केलेली स्वतंत्र शाई असते. सिलिंडर महाग, एका वेळी छापला जाणारा माल मोठा, त्यामुळे तिथला रंग लवकर बदलत नाही. शिवाय गिऱ्हाइकाच्या हातात सगळ्यांत जास्त वेळा जातं ते पाऊच. म्हणून आमच्या पिवळ्याचा मूळ नमुना म्हणजे स्क्रीनवरचा आकडा नाही, पाऊचचा तुकडा, असं मी ठरवलं. बाकी सगळ्यांनी त्याच्या जवळ जायचं.

मग तीच पट्टी दुसऱ्या फ्लेक्सवाल्यांकडे छापली आणि तिथे २५ चा चौकोन जुळला. मशीन वेगळं, शाई वेगळी. इथे माझी सवय आडवी आली. मला पानावर एक पक्का आकडा लिहायचा होता. दोन दिवस मी २२ लिहून दोघांचा मध्य काढू का, याचा विचार करत होते. तसं केलं असतं तर दोन्हीकडे थोडा चुकीचा रंग आला असता. शेवटी फ्लेक्सच्या पानावर आकड्याच्या जागी रिकामी चौकट ठेवली: 'तुमच्या मशीनवर मॅजेंटा ____, पट्टी छापल्याची तारीख ____'. पट्टीची फाइल संचात दिली. प्रत्येक छापणाऱ्याने एकदा ती छापायची, पाऊचशी उन्हात जुळवायची, आणि जुळलेला आकडा आम्ही दोघांनी मिळून पेनाने लिहायचा. शाई बदलली किंवा मशीन बदललं की पुन्हा पट्टी. पट्टीच्या फ्लेक्सचा खर्च आम्ही धरूनच चालतो, त्याचे पैसे देतो.

पाऊचचा तुकडाही पानाला लावून दिला, दोन इंच बाय दोन इंच, पण उघडा नाही, छोट्या पाकिटात. काउंटरवर ऊन येतं आणि छापील पिवळा उडतो. दर सहा महिन्यांनी नवा तुकडा पाठवायचा हे माझ्या कॅलेंडरवर आहे.

टी-शर्टचं आणि बोर्डाच्या विनाइलचं काम वेगळ्या वाटेने जातं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जितके रंग तितक्या जाळ्या, म्हणून टी-शर्टला एकरंगी लोगो. विनाइलचा रोल रंगीतच येतो, तिथे टक्केवारीला काही अर्थ नाही. शेड कार्डातला तुकडा निवडून पानावर चिकटवला, एवढंच.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण या भागात मला स्वतःला सर्वांत जास्त शिकायला मिळालं. आमच्या वेष्टनांवर आणि फ्लेक्सवर 'कांदा-लसूण मसाला', 'शुद्ध हळद', 'घरगुती मिरची' असे शब्द येतात. गोडाउनच्या फरशीवर मांडलेल्या कामांत 'मिरची'तली पहिली वेलांटी म च्या उजवीकडे गेलेली होती, 'शुद्ध'मधला द्ध फुटून द, हलन्त आणि ध झाला होता. कारण साधं आहे. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट चालतात. त्यांत अक्षराचं चित्र इंग्रजी कळीच्या जागी बसवलेलं असतं. आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो तो मजकूर युनिकोड, म्हणजे मोबाइलवर चालतो त्या नव्या पद्धतीचा. तो जुन्या कोरलमध्ये चिकटवला की जोडाक्षरं सुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. मग ऑपरेटर तोच मजकूर त्याच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो आणि आमचा फॉन्ट तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट जास्त बारीक. मराठीत ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीतल्या छपाईत त्यांची वळणं वेगळी. राज्य सरकारने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा शासन निर्णय काढला, त्यातही मराठी वळणाचे ल आणि श ठेवले आहेत. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली नाही, तर फॉन्टच्या मूळ रूपात जे वळण असेल ते येतं, आणि ते बऱ्याचदा हिंदीचं असतं. आमच्या स्वतःच्या पत्रकावर एका ओळीत मराठी ल आणि पुढच्या ओळीत हिंदी ल होता. ते पत्रक मीच केलेलं. 'लसूण' हा शब्द आमच्या धंद्याचा आहे आणि त्याचा ल आम्हीच दोन तऱ्हांनी छापत होतो.

फॉन्ट सगळ्यांना वाटून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून मराठी मजकूर कुणीच टाइप करायचा नाही, असं ठरवलं. वारंवार लागणाऱ्या ३६ ओळी मी योग्य भाषा निवडून लावल्या, एक एक तपासली, आणि कर्व्ह्ज करून फाइलींच्या संचात टाकल्या. कर्व्ह्ज केलं की अक्षर चित्र होतं, कुठल्याही कोरलमध्ये तसंच उघडतं. मालाची नावं, 'येथे मिळेल', 'अधिकृत विक्रेते', दिवाळी-गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, असं सगळं. नवीन ओळ हवी असेल तर आम्हाला मजकूर पाठवायचा.

इथे वहिनींनी अडवलं. म्हणाल्या, "आणि तू रजेवर असलीस तर? तो माणूस काय थांबून राहील?" त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडून उत्तर वेळेवर येणार नसेल, तर तो टाइप करणारच आणि त्यात त्याची चूक नाही. मग पानावर आमच्या बाजूचा नियम आला: सकाळी अकराच्या आत मजकूर आला तर त्याच दिवशी पाचपर्यंत कर्व्ह्ज मिळतील, नंतर आला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी नसेन तेव्हा ऑफिसमधली अकाउंट्सची मुलगी ते करते. तिला मी तीन दुपारी बसवून शिकवलं. तिने पहिल्याच आठवड्यात 'विक्रेते'तला क्र तपासताना माझ्या ३६ ओळींतली एक चूक काढली.

दुकानांच्या बोर्डाचं पान लिहिताना वेगळीच अडचण समोर आली. जुन्या गाइडलाइनमध्ये बोर्डावर इंग्रजी नाव मोठं आणि खाली मराठी नाव त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या उंचीचं होतं. बोर्ड करणाऱ्या काकांनी आमच्या विक्रेत्यांचे बोर्ड तंतोतंत तसेच केले होते. नियम पाळणारे ते एकटेच, आणि त्यांनी पाळलेला नियमच चुकीचा होता. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार दुकानाच्या पाटीवर नाव मराठीत, देवनागरी लिपीत, सुरुवातीला असलं पाहिजे आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले होते. एका विक्रेत्याला आमच्यामुळे बोर्ड उतरवून पुन्हा करावा लागला. तो खर्च आम्ही दिला, द्यायलाच हवा होता.

नव्या पानावर मराठी नाव वर, इंग्रजी खाली, आणि इंग्रजी अक्षरांची उंची मराठीच्या साठ टक्के. मराठीची उंची कशी मोजायची हेही काकांनी विचारलं, कारण शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार जातात. ठरवलं की शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचं, वेलांट्या आणि उकार सोडून. वेलांटी धरून मोजलं असतं तर अक्षर प्रत्यक्षात बारीक झालं असतं. हे माप चित्रात बाण काढून दाखवलं. माझ्या मते त्या पूर्ण संचातलं ते सर्वांत चांगलं चित्र आहे.

सहा पानं तयार झाल्यावर मी ती लगेच पाठवली नाहीत. सांगलीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेले, ज्यांनी आमचं काम कधी केलं नव्हतं. फ्लेक्सचं पान आणि फाइली दिल्या, सांगितलं की सहा बाय तीनचा एक करा, पैसे देते, फक्त मला काही विचारू नका. बाजूला खुर्चीवर बसले. ऑपरेटरने पान एकदा वरून खाली पाहिलं आणि `FLEX_aadva` उचलली. बरोबर. मग तो थांबला. पानावर मी 'मजकूर डाव्या समासाला लावा' लिहिलं होतं आणि त्याला समास म्हणजे लोगोची डावी कड की फ्लेक्सची, ते कळेना. त्याने फ्लेक्सची धरली. फ्लेक्सच्या कडेला पट्टी दुमडून दोरी ओवायला धातूची गोल भोकं मारतात, त्यांना डोळे म्हणतात. तिथली अक्षरं त्या डोळ्यांखाली गेली असती. मी हे लिहिताना फ्लेक्सला डोळे मारतात हा विचारच केला नव्हता. वाक्य बदललं: 'चारी कडांपासून चार इंच आत काही लावू नका'. दुसऱ्या वेळी एका नव्या सेल्सच्या मुलाला मोबाइलचं पान दिलं. त्याने पीएनजी बरोबर घेतली आणि पाठवताना फोटो म्हणून पाठवली. तेव्हापासून मोबाइलच्या पानावर पहिलीच ओळ आहे, 'व्हॉट्सॲपवर लोगो डॉक्युमेंट म्हणून पाठवा', आणि त्याखाली ते बटण कुठे असतं त्याचा स्क्रीनशॉट.

आणि तरी, पानं चांगली असणं आणि ती वापरली जाणं यांत अंतर राहिलंच असतं. ते भरून निघालं कामाच्या ऑर्डरमुळे. आमच्या ऑर्डरच्या कागदावर आता एक ओळ असते: 'पान: फ्लेक्स, जानेवारी २०२४'. ते पान ऑर्डरला जोडूनच जातं, त्यामुळे कुणाला काही शोधावं लागत नाही. त्याखाली दोन वाक्यं आहेत. पानाप्रमाणे काम केलं, नमुन्याचा फोटो पाठवून होकार घेतला आणि तरीही चूक निघाली, तर खर्च आमचा. नमुना न दाखवता पूर्ण काम छापलं, तर पुन्हा छापायचा खर्च छापणाऱ्याचा. वहिनींना पहिलं वाक्य जड गेलं. मी त्यांना वर्षभरातली फुकट गेलेली कामं दाखवली, आणि त्यांतली किती आमच्याच फाइलीमुळे गेली होती तेही. त्या तयार झाल्या.

या वाक्यामुळे छापणाऱ्यांचं वागणं बदललं, असं मला दिसतं. आधी पान म्हणजे त्यांच्यावर लादलेले नियम होते. आता त्यांच्यासाठी ते चूक आपल्या अंगावर येऊ नये याची सोय आहे. दादा स्वतः फोन करून विचारतात, "ताई, पान पाठवलं नाही, काम लावू का नको?" नमुनाही सोपा ठेवला आहे. फ्लेक्सचा एक फूट तुकडा, लोगो आणि पिवळा दोन्ही येतील असा, उन्हात पाऊचशेजारी धरून काढलेला फोटो. ऑफसेटला पहिल्या शीटवर मी किंवा अकाउंट्सची मुलगी सही करते.

सगळं सुटलं आहे असं नाही. टोप्यांवरच्या भरतकामात नावाखालची बारीक ओळ अजून गुठळी होऊन येते. दोऱ्याला तेवढं बारीक अक्षर झेपत नाही. भरतकामासाठी ती ओळ नसलेला लोगो करायचा आहे. जुन्या पाऊचचा साठा संपेपर्यंत जुना लोगो बाजारात दिसत राहील, आणि ते पानावर स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे कुणी जुनं पाऊच बघून 'हाच खरा' समजणार नाही.

पेंटरकाकांचं पान मी शेवटी केलं, कारण त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही. ते भिंतीवर खडूने रेघा मारून डोळ्यांच्या अंदाजाने लोगो काढायचे आणि दर गावात आमच्या नावातली वेलांटी थोडी वेगळी वळायची. त्यांना पान नको होतं. ते म्हणाले, "मला खाका द्या." म्हणजे जाड कागदावर खऱ्या मापाचा लोगो, रेघेवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडलेला. तो भिंतीला लावायचा, कापडाच्या पुरचुंडीत गेरूची पूड घेऊन त्यावर आपटायची, की भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. आम्ही दोन मापांचे खाके केले, सहा फुटी आणि तीन फुटी. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात महिना लिहिला आणि खाली त्यांनी नेहमीच्या रंगाच्या डब्याचा शेड नंबर स्वतःच्या हाताने टिपून ठेवला. खाके आता त्यांच्या टेम्पोत एका पीव्हीसी पाइपमध्ये गुंडाळून असतात. परवा तासगावच्या रस्त्याला एक नवी भिंत दिसली, तर गाडी थांबवून मी तिच्यावरची वेलांटी बघून आले.